आलेखातला डबा आणि काट्यावरचा डबा

प्रश्न: आमचं किराणा दुकान आहे, आता मुलगा बघतो. कंपनीचा माणूस येतो, रंगीत आलेख दाखवतो, ‘बाजारापेक्षा आमचा भाव किती कमी, बघा’ म्हणतो आणि मुलगा लगेच ऑर्डर देऊन मोकळा होतो. आलेख सरळ आहे की फसवा, हे दुकानात बसल्या बसल्या कसं ओळखायचं? मुलाला वाचायला देता येईल अशी एखादी गोष्ट सांगाल का?

उत्तर:

गोष्ट सांगतो, पण आधी एक खुलासा. नागपुरातल्या किराणा दुकानांचे हिशेब पाहण्यात माझी तीसेक वर्षे गेली आणि त्या काळात असे आलेख घेऊन आलेले प्रतिनिधी मी दुकानाच्या बाकावर बसून बरेच पाहिले. खालची गोष्ट त्यांतल्या दोन-तीन प्रसंगांची मोट बांधून केलेली आहे. दुकानदार काल्पनिक आहे, डब्यांचे भाव हिशेबाला सोपे जावेत असे घेतले आहेत, हिशेब मात्र कुठेही वाकवलेला नाही.

महालातल्या एका गल्लीत काकाजींचे दुकान आहे. चिल्लर गिऱ्हाईक तर असतेच, पण त्यांचा खरा धंदा तेलाच्या डब्यांवर चालतो, कारण आसपासची सावजी भोजनालये, तर्री-पोह्यांचे ठेले आणि दोन-तीन फरसाणवाले डबा त्यांच्याकडूनच उचलतात. सावजी रश्श्यावर तेलाचा तवंग दिसला नाही तर गिऱ्हाईक ताट परत करते, असे काकाजी हसत सांगतात. त्यामुळे तेलाचा भाव चढला की सगळ्यात आधी त्यांच्या दुकानातला फोन वाजतो.

सप्टेंबर 2024 चा शेवटचा आठवडा होता. 14 सप्टेंबरपासून केंद्र सरकारने खाद्यतेलावरचे आयात शुल्क वाढवले होते. कच्च्या सोयाबीन, सूर्यफूल आणि पाम तेलावरचा एकूण भार 5.5 टक्क्यांवरून 27.5 टक्क्यांवर गेला होता आणि इतवारीच्या ठोक बाजारात डब्याचा भाव काही दिवसांतच चढून बसला होता. 3 ऑक्टोबरला घटस्थापना, पाठोपाठ दसरा आणि दिवाळी. अशा वेळी दुकानदार धास्तावलेला असतो, आणि धास्तावलेल्या माणसाला आलेख दाखवणे सोपे असते.

दुपारी, गिऱ्हाईक विरळ झाल्यावर, एका कंपनीचा तरुण प्रतिनिधी आला. त्याने नमुन्याचा एक डबा काउंटरवर ठेवला, पिशवीतून चकचकीत कागदावर छापलेले दोन आलेख काढले आणि पहिला काकाजींच्या समोर सरकवला. त्यावर दोन उभे खांब होते. एक लाल, त्याखाली ‘बाजारभाव’ आणि डोक्यावर 2,010 रुपये. दुसरा हिरवा, त्याखाली ‘आमचा भाव’ आणि डोक्यावर 1,890 रुपये. लाल खांब कागदाच्या वरच्या टोकाला टेकला होता, हिरवा त्याच्या गुडघ्याच्या थोडाच वर येत होता.

“पाहा काकाजी, बाजार कुठं आणि आम्ही कुठं. एका नजरेत समजते,” तो म्हणाला. “साठ डबे आजच्या भावानं बांधून देतो, माल दुकानात पोचवून. डब्यामागं 120, म्हणजे सरळ सात हजार दोनशे वाचले. फक्त पैसे आगाऊ लागतील.”

काकाजींचा मुलगा शेजारीच उभा होता. “घेऊन टाकू ना बाबा,” तो म्हणाला. “अर्ध्याच्याही खाली भाव दिसून राहिला.”

काकाजींनी चष्मा वर सरकवला. “दिसून राहिला खरं,” ते म्हणाले. “पण आकडे का म्हणते, ते वाच ना जरा.”

त्यांनी खतावणीच्या वहीत ठेवलेली लाकडी पट्टी काढली आणि दोन्ही खांबांना लावली. लाल खांब 9 सेंटिमीटर भरला, हिरवा 3. म्हणजे चित्रात एक दुसऱ्याच्या तिप्पट होता. मग त्यांनी मुलाला 2,010 ला 1,890 ने भागायला सांगितले. कॅल्क्युलेटरवर 1.06 आले.

तुमच्या मुलाने नेमके याच ठिकाणी थांबावे, म्हणून मीही जरा थांबतो. खांबांच्या आलेखात डोळा लांबी वाचतो. डोक्यावर छापलेला आकडा तो नंतर वाचतो आणि बहुतेक वेळा वाचतच नाही. म्हणून खांबांच्या आलेखाची एकच अट असते: लांबीचे प्रमाण आणि आकड्यांचे प्रमाण सारखे असले पाहिजे, आणि ते तेव्हाच सारखे राहते जेव्हा खांबाचा पाया शून्यावर असतो. इथे लांबी तिप्पट होती आणि आकडा जेमतेम सहा टक्क्यांनी मोठा होता. एवढी तफावत दिसली की खांब मधूनच कापून वरचा तुकडा तेवढा दाखवला आहे, हे उघड होते. छापलेले आकडे खरे असूनही चित्र खोटे असू शकते. किंबहुना आकडे खरे असतात म्हणूनच अशा कागदावर कुणी शंका घेत नाही.

पाया कुठे कापला आहे, हे कागदावर लिहिलेले नव्हते. उभी मोजपट्टीच आलेखावर नव्हती. पण दोन खांब आणि दोन आकडे हाताशी असले की पाया काढता येतो, आणि काकाजींनी तो काढला. दोन खांबांच्या लांबीत 6 सेंटिमीटरचा फरक, आकड्यांत 120 रुपयांचा फरक; म्हणजे एक सेंटिमीटर 20 रुपयांचा. हिरवा खांब 3 सेंटिमीटरचा, म्हणजे 60 रुपयांचा. 1,890 मधून 60 गेले, उरले 1,830. लाल खांबाकडून पडताळा पाहिला: 9 सेंटिमीटरचे 180, आणि 2,010 मधून 180 गेले तरी 1,830. दोन्हीकडून एकच आकडा आला, तेव्हा त्यांनी खांबांच्या पायाशी पेन्सिलीने 1,830 लिहून ठेवले. मोबाइलच्या पडद्यावर पट्टी नीट लागत नाही, तिथे कागदाची एक पट्टी धरून तिच्यावर खांबाच्या डोक्याची आणि पायाची खूण करावी आणि लांब खांबात आखूड खांब किती वेळा बसतो ते पाहावे. तेवढ्याने काम भागते.

मग त्यांनी जुन्या कॅलेंडरचे पान उलटे करून तोच आलेख शून्यापासून काढायला मुलाला सांगितले. 200 रुपयांना एक सेंटिमीटर धरला. बाजाराचा खांब 10 सेंटिमीटरच्या किंचित वर गेला, कंपनीचा साडेनऊच्या जरासा खाली राहिला. दोघांत सहा मिलिमीटरचे अंतर पडले, म्हणजे साधारण सुपारीच्या खांडाएवढे.

मुलगा मात्र हटला नाही, आणि त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. “चित्र वाढवून काढलं, मान्य. पण 120 रुपये तर कमी आहेतच ना बाबा? सहा टक्के सोडते कोण?”

इथे बरेच जण घसरतात, म्हणून हे नीट लक्षात घ्यावे. खांब कापलेला सापडला म्हणजे भाव महाग आहे असे सिद्ध होत नाही. आलेख फुगवलेला असूनही सौदा चांगला असू शकतो, आणि तेलाच्या धंद्यात, जिथे डब्यामागे वीस-तीस रुपये सुटले तरी दुकानदार खूश असतो, तिथे 120 रुपये ही लहान रक्कम नाही. काकाजींनाही खटकले ते हेच. ज्याच्या हातात खरोखर सहा टक्क्यांची सूट आहे, त्याला ती एवढी फुगवून दाखवण्याची गरज का पडावी? इतवारीत एकाच तेलाच्या डब्याला दोन दुकानांत दहा-पंधरा रुपयांचा फरक पडतो, कधी वीसचा. 120 चा फरक पडतो तेव्हा बहुधा माल तोच नसतो.

“बाबू, हा बाजारभाव कोन्त्या डब्याचा लावला?” त्यांनी प्रतिनिधीला विचारले.

“सोयाबीन रिफाइंडचाच, काकाजी. इतवारीचा कालचा भाव आहे, खोटा असेल तर सांगा.”

भाव खोटा नव्हता. काकाजींनी आदल्याच दिवशी मस्कासाथजवळच्या आपल्या व्यापाऱ्याकडून 2,010 हाच भाव ऐकला होता. त्यांनी काउंटरवरचा नमुन्याचा डबा फिरवला आणि मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचायला मुलाला सांगितले. मुलाने वाचले: निव्वळ प्रमाण 15 लिटर, 13.65 किलो. आलेखाच्या तळाशीही, हिरव्या खांबाखालच्या करड्या अक्षरांत, ‘15 ली.’ असे लिहिलेले होते. ते आधी कुणाच्याच नजरेला पडले नव्हते. इतवारीचा 2,010 हा भाव 15 किलोच्या डब्याचा होता.

तेलाच्या धंद्यात नवख्या माणसाला हा फरक माहीत नसतो, कारण दोन्ही डबे उंचीला आणि घेराला जवळपास सारखेच दिसतात आणि दोघांनाही सगळे ‘पंधराचा डबा’च म्हणतात. पण तेल पाण्यापेक्षा हलके असते. एक लिटर सोयातेल साधारण 910 ग्रॅम भरते, त्यामुळे 15 लिटरच्या डब्यात 13.65 किलोच तेल असते. 15 किलोच्या डब्यापेक्षा 1.35 किलो कमी. शिवाय तेल तापले की फुगते, म्हणजे लिटर तोच राहतो आणि वजन घटते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये हे आकडे देऊनच सांगितले होते, की 21 अंश तापमानाला एक लिटर सोयातेल 919 ग्रॅम भरते आणि 60 अंशांना 892.6 ग्रॅम. काही वेष्टनांवर 60 अंशांचा उल्लेख करून लिटर छापले जात होते. म्हणून तेल कंपन्यांना तापमानाचा उल्लेख काढून लिटरच्या जोडीला वजनही छापायला सांगण्यात आले आणि त्यासाठी 15 जानेवारी 2023 पर्यंत मुदत देण्यात आली. आता वेष्टनावर वजन सापडते. ते वाचले तर 0.91 ने गुणण्याचीही गरज राहत नाही.

काकाजी तरीही छापलेल्या आकड्यावर थांबले नाहीत. त्यांनी डबा काट्यावर ठेवला: 14 किलो 600 ग्रॅम. मागच्या खोलीतून त्याच मापाचा रिकामा डबा आणून ठेवला: 950 ग्रॅम. वजाबाकी 13 किलो 650 ग्रॅम. वेष्टन खरे बोलत होते. कंपनीने कुठेही खोटे छापले नव्हते. फक्त दोन वेगवेगळे डबे शेजारी उभे करून एकाच जातीचे असल्यासारखे रंगवले होते.

पुढचा हिशेब मुलाने केला. बाजाराचे 2,010 भागिले 15, म्हणजे किलोला 134 रुपये. कंपनीचे 1,890 भागिले 13.65, म्हणजे किलोला 138 रुपये 46 पैसे. स्वस्त म्हणून आलेला डबा किलोमागे साडेचार रुपयांनी महाग निघाला. त्याने पुन्हा एकदा कॅल्क्युलेटर दाबून पाहिला, उत्तर तेच आले.

“आता एक काम कर,” काकाजी म्हणाले. “यांच्याच डब्याइतकं तेल बाजारभावानं घेतलं तर का पडते?”

13.65 गुणिले 134. उत्तर आले 1,829 रुपये.

काकाजींनी काही न बोलता चकचकीत कागदावर पेन्सिलीने लिहिलेल्या 1,830 वर बोट ठेवले. सारख्याला सारखे लावले असते, तर त्या आलेखात बाजाराचा लाल खांब दिसलाच नसता. तो पायाच्या रेघेखाली एक रुपया गेला असता, आणि कंपनीचा हिरवा खांब एकटाच 3 सेंटिमीटर उंच उभा राहिला असता. पाया नेमका तिथेच पडला हा योगायोग असावा, असे मला वाटते. आलेख काढणारी संगणकावरची काही साधने खांबांचा पायादेखील आपोआपच शून्याच्या वर धरतात, आणि ज्याला तो फायद्याचा दिसतो तो बदलत नाही. योगायोग असो वा नसो, खांब मात्र डोक्यावर उभा केलेला होता.

काकाजींनी आपल्या बाजूचा खर्चही झाकून ठेवला नाही. कंपनीचा माल दुकानात पोचवून मिळणार होता आणि इतवारीहून ई-रिक्षाने डबा आणायला दहा रुपये पडत होते. ते धरले तर बाजाराचा डबा 2,020 चा झाला, किलोला 134 रुपये 67 पैसे. तरीही कंपनीचा भाव किलोमागे 3 रुपये 79 पैशांनी वरच राहिला. साठ डब्यांत 819 किलो तेल येणार होते. त्यावर 7,200 रुपये वाचण्याऐवजी सुमारे 3,100 रुपये जास्त गेले असते, आणि तेही आगाऊ, जेव्हा इतवारीचा व्यापारी पंधरा दिवसांची उधारी देत होता.

प्रतिनिधीचा चेहरा उतरला होता. तो मुद्दाम फसवायला आला होता असे काकाजींना वाटले नाही, आणि मलाही अशा पोरांबद्दल सहसा तसे वाटत नाही. आलेख वरून येतो, टार्गेट वरून येते, आणि त्याने स्वतः तो डबा कधी काट्यावर ठेवून पाहिलेला नसतो. त्याने अखेरचा प्रयत्न म्हणून दुसरा कागद पुढे केला. “भाव राहू द्या काकाजी, पण हे तर पाहा. दिवाळीपर्यंत कुठं जाऊन राहिला!”

दुसऱ्या कागदावर भावाची चढती रेघ होती. एप्रिल आणि जुलै जवळजवळ एका पातळीवर, 13 सप्टेंबरही तिथेच, मग 17, 20 आणि 24 सप्टेंबर अशा चढत्या पायऱ्या, आणि तिथून पुढे तुटक रेघ आभाळाकडे गेलेली, जिच्या टोकाला दिव्याचे चित्र होते.

इथे पाया शून्यावर नव्हता, पण काकाजींनी त्याला दोष दिला नाही, आणि ते बरोबर होते. रेघेच्या आलेखात डोळा लांबी वाचत नाही, चढ-उतार वाचतो. रोज पाच-दहा रुपयांनी हलणारा भाव शून्यापासून काढला तर कागदावर सपाट सुतळी दिसेल आणि काहीच कळणार नाही. व्यापारी स्वतःसाठी काढतात त्या रेघाही मधूनच सुरू होतात. खांबाला जी अट लागू होते ती रेघेला लागू होत नाही. रेघेत पाहायचे असते ते आडव्या अंगाला.

काकाजींनी पुन्हा पट्टी लावली. एप्रिल ते जुलै हे तीन महिन्यांचे अंतर 2 सेंटिमीटरचे होते. 17 ते 20 सप्टेंबर हे तीन दिवसांचे अंतरही 2 सेंटिमीटरचेच होते. म्हणजे आधीचे शांत महिने दाबून ठेवले होते आणि शुल्कवाढीनंतरचा आठवडा ताणून अर्ध्या कागदावर पसरवला होता, त्यामुळे एकदा बसलेला धक्का लांबलचक घाटासारखा दिसत होता. तारखांना त्यांच्या खऱ्या अंतराने जागा दिली असती, तर सपाट रेघ, मग एक ताठ पायरी, एवढेच चित्र निघाले असते. आणि पायरीच्या उतारावरून पुढची रेघ ओढता येत नाही. शुल्क एकदा वाढले की भाव एकदा चढतो. तेच शुल्क दर आठवड्याला पुन्हा पुन्हा वाढत नसते.

“ही तुटक रेघ कोणी काढली?” काकाजींनी विचारले.

“कंपनीनं.”

“भाव कोन्या आधारानं धरला, ते लिहिलं का कुठं?”

लिहिलेले नव्हते.

हा कागद फसवा होता म्हणून भाव उतरणार होता, असे मात्र मुळीच नाही. त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मलेशियातले पामतेल महागले आणि त्याच्यामागून आपल्याकडचे तेलही दिवाळीपर्यंत सैल पडले नाही. ज्या दुकानदारांनी ‘आलेख खोटा आहे, म्हणजे भाव उतरेल’ असे समजून माल भरलाच नाही, त्यांना नंतर चढ्या भावाने उचलावा लागला. आलेखातली खोट सापडली तर एवढेच कळते की त्या कागदावरून काही ठरवता येत नाही. भाव कुठे जाईल हे दुसऱ्या मार्गाने पाहावे लागते, आणि तिथे काकाजींचा मार्ग साधा होता. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत आपले नेहमीचे गिऱ्हाईक किती डबे उचलते, ते मागच्या दोन वर्षांच्या वह्यांत पाहायचे आणि तेवढाच माल भरायचा. हिशेबाने 40 डबे निघाले. ते त्यांनी दुसऱ्या दिवशी इतवारीतून मागवले, 15 किलोचे.

प्रतिनिधीला मात्र त्यांनी रिकाम्या हाताने लावून दिले नाही. “15 किलोचा भाव किलोवर लिहून आण बेटा, दोन्ही खांब एकाच डब्याचे काढ, खालून शून्यापासून. मग बोलू,” असे सांगून चहा पाजला. त्याने बाहेर जाऊन वरिष्ठांना फोन लावला. परत आला तेव्हा त्याच्याकडे 15 किलोच्या डब्याचा भाव होता, 2,025 रुपये, दुकानपोच. बाजारापेक्षा, वाहतूक धरूनही, पाच रुपयांनी जास्त. या भावाचा आलेख काढायची गरज कुणालाच वाटली नाही. काकाजींनी भाव वहीत टिपून घेतला, कारण इतवारीत तुटवडा पडला तर पाच रुपये जास्त देऊन दारात येणारा डबा परवडतो.

जाण्याआधी त्याने विचारले, “काकाजी, मी एकदा पाहू का?” आणि आपलाच डबा उचलून काट्यावर ठेवला. 14.600 हा आकडा त्याने मोबाइलमध्ये टिपला, रिकाम्या डब्याचाही टिपला, आणि कागद पिशवीत घालून निघून गेला.

मुलगा कॅलेंडरचे पान घडी करत होता. “पण बाबा, तुम्हाला डब्याचा संशय आला कशावरून? खांब तर कोणाचाही फुगवलेला असते.”

काकाजींनी उत्तर न देता फोन उचलला. दहा-बारा दिवसांपूर्वी गोळीबार चौकाजवळच्या एका सावजी भोजनालयाचे मालक दुकानात येऊन तक्रार करून गेले होते. त्यांनी त्या खेपेला चार डबे दुसरीकडून घेतले होते, स्वस्त मिळाले म्हणून, आणि अकरा दिवस पुरणारा डबा दहाव्या दिवशीच खडखडत होता. स्वयंपाकी पोरगा तेल वाया घालवतो असे समजून त्यांनी त्याचे पैसे कापायचे ठरवले होते. काकाजींच्या डोक्यात तो अकराव्या दिवसाचा हिशेब तेव्हापासून अडकून बसला होता. अकराला 0.91 ने गुणले की दहा येतात.

फोन लागला. “रामराम भाऊ,” काकाजी म्हणाले, “तुमच्या त्या स्वस्तवाल्या डब्याच्या मागं का लिहिलं आहे, वाचता का जरा? किलो नाही, लिटर असंन. हौ, आत्ताच वाचा, मी थांबून राहिलो. आणि त्या पोराचे पैसे कापले असतीन, तर देऊन टाका.”